आमची वाटचाल: तिळगूळ किट आणि पाकाचं ते एक मिनिट

सांगलीत आमचं गूळ, तीळ, शेंगदाण्याचं छोटं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि माझा नवरा बघतो. २०१९ च्या संक्रांतीला आम्ही पहिल्यांदा तिळगूळ किट काढलं. तीळ २५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ २५० ग्रॅम, शेंगदाणे १२५ ग्रॅम आणि एक छोटी पुडी वेलचीची, बस. तूप तेवढं घरचं. पुण्या-मुंबईच्या पोरींना घरी लाडू करायचे असतात पण दहा दुकानं फिरायची नसतात, त्यांच्यासाठी. किट बऱ्यापैकी खपलं आणि मग फोन यायला लागले, निम्म्या लोकांचे लाडू वळलेच नाहीत, निम्म्यांचे दगड झाले, एका काकांनी तर सांगितलं की खलबत्त्यात फोडून खातोय 😅

मग ठरलं की व्हिडिओ करू. इथे आमची खरी चूक झाली आणि ती समजायला दोन संक्रांती गेल्या.

पहिला व्हिडिओ भाच्याने मोबाईलवर काढला. लाडू करणार आई, म्हणजे माझ्या सासूबाई. स्क्रिप्ट वगैरे काही नाही, आई करत गेल्या, हा शूट करत गेला, नंतर बसून ‘बोअर’ भाग कापला. बोअर म्हणजे कुठला, तर पाक उकळतोय तो. त्यामुळे व्हिडिओत कसं दिसायचं की गूळ कढईत पडला, वितळला, आणि लगेच तीळ आत. सगळं मिळून नऊ सेकंद. बघणाऱ्याला वाटणारच ना की वितळला की झालं! आईंनी खरं तर मधे तीन वेळा पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघितला होता, तेच नेमकं उडवलेलं. म्हणजे लाडू बिघडवायची रेसिपी आम्हीच घरोघर पाठवत होतो आणि वर गिऱ्हाईकाला सांगत होतो की तुमचं काहीतरी चुकलं असेल.

दुसऱ्या वेळी आधी नुसती रंगीत तालीम केली, कॅमेरा न लावता. आईंना म्हटलं तुम्ही नेहमीसारखं करा, आणि मी मोबाईलचं स्टॉपवॉच आणि वही घेऊन शेजारी उभी. तीळ मंद आचेवर तडतडायला लागेपर्यंत सात मिनिटं. गूळ पूर्ण वितळायला तीन. मग फेस येतो, आणि फेस आल्यापासून पाक होईपर्यंत जेमतेम एक मिनिट. त्याच्यापुढे अर्धं मिनिट गेलं की तो लाडवाचा पाक राहात नाही, चिक्कीचा होतो. आमच्या गॅसवर, आमच्या लोखंडी कढईत हे असं, तुमच्याकडे वेगळं येईल, आणि तेच तर सगळ्या भानगडीचं मूळ आहे. घड्याळ लावून पाक होत नाही. गूळ दर घाणीला वेगळा येतो, कढई जाड-पातळ असते. त्यामुळे स्क्रिप्टमधे एक नियमच केला: जिथे मिनिटं सांगून चालतं (तीळ भाजणं) तिथे सीन कापायचा आणि खरी वेळ स्क्रीनवर लिहायची, जिथे खूण बघावी लागते (पाक) तिथे एकही खूण कापायची नाही.

स्क्रिप्ट म्हणजे वहीत चार रकाने पाडले. काय दिसतंय, काय बोलतोय, स्क्रीनवर काय लिहिलंय, किती सेकंद. पाकाचं पान असं होतं:

फेस, कढईत वरून क्लोजअप / “आता चमचा सोडायचा नाही” / मंद आच / ५ सेकंद
गॅसचं बटण, हात / “थेंब बघताना गॅस बंद” / गॅस बंद! / ३ सेकंद
थेंब पाण्यात, पसरतो / “अजून नाही” / कच्चा / ६ सेकंद
गोळी होते, दाबली की चपटी / “थोडं थांबा” / अजून अर्धं मिनिट / ८ सेकंद
गोळी ताटलीवर पडते / काही बोलायचं नाही, फक्त आवाज / झाला / ६ सेकंद

यातला गॅसच्या बटणाचा शॉट क्षुल्लक वाटतो पण माझ्या मते अख्ख्या व्हिडिओतला सगळ्यात कामाचा तोच. आई थेंब बघताना गॅस बंद करतात आणि ते त्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्या कधी सांगतच नाहीत, विचारलं तरी सांगत नाहीत. नवीन माणूस वाटीत गोळी चाचपत बसतो आणि तिकडे पाक पुढे जातो. दगडवाल्या निम्म्या लाडवांचं कारण हेच निघालं. वही घेऊन शेजारी उभं राहिल्यावर पहिल्यांदा दिसलं.

आता क्लोजअप. थेंबाचा शॉट पहिल्यांदा स्टीलच्या वाटीत घेतला, काहीच दिसेना, वाटीच्या तळात ट्यूबलाईट चमकतेय आणि गोळी गायब. मग काचेचा बाऊल घेतला, खाली पांढरा रुमाल, आणि खिडकीचा उजेड मागच्या बाजूने, तेव्हा गुळाचा थेंब मधासारखा दिसायला लागला. मोबाईल कढईच्या अगदी जवळ नेला की वाफेने लेन्स धुरकट होते, म्हणून लांब उभं राहून दोन पट झूम. फोकस आणि उजेड दोन्ही बोट दाबून लॉक करायचे, नाहीतर चमचा फ्रेममधे आला-गेला की कॅमेरा आपलं आपण उजळ-काळोख करत बसतो आणि पाकाचा रंग प्रत्येक सेकंदाला वेगळा. ट्यूबखाली शूट केलं तर पट्टे पळताना दिसतात, ते २५ फ्रेम ठेवून आणि शटर ५० वर ठेवून गेले. बाकी कॅमेऱ्याचं ज्ञान माझं एवढंच, विचारू नका.

एक गोष्ट आधी लक्षातच आली नव्हती, की एकाच पाकात तिन्ही क्लोजअप मिळत नाहीत. कॅमेरा लावेपर्यंत, फोकस होईपर्यंत पाक पुढे, कारण गॅस बंद केला तरी लोखंडी कढई तापलेली असते ना. मग तीन वेळा पाक केला. एक कच्चा असताना उतरवला, एक मऊ गोळीला, आणि तिसरा बरोबर होईपर्यंत नेला. तीन किटं गेली, पहिल्या दोन घाण्यांचे चिकट लाडू दुकानातल्या पोरांनी आठवडाभर खाल्ले, कोणी तक्रार केली नाही. घोटाळा एवढाच झाला की मधे आईंनी जेवून आल्यावर बांगड्या बदलल्या, आणि व्हिडिओत हिरव्या बांगड्यांचा हात थेंब टाकतो आणि लाल बांगड्यांचा हात गोळी दाबतो. परत शूट करायची हिंमत नव्हती, तसंच ठेवलं. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर बांगड्या, साडी, नखं, मेंदी असं लिहून ठेवते.

शेवटचा शॉट आवाजाचा. गोळी स्टीलच्या ताटलीवर टाकली की ‘टण’ वाजली पाहिजे. तिथे मागे म्युझिक लावायचं नाही यावर भाच्याशी माझं चांगलं भांडण झालं, त्याला तिथेच ढोलकी हवी होती. पंखा बंद, फ्रीजसुद्धा बंद, दुसरा मोबाईल ताटलीच्या शेजारी ठेवून आवाज वेगळा घेतला.

स्क्रीनवर साहित्य लिहायच्या पट्ट्यांचा किस्सा वेगळाच. पहिल्या व्हिडिओत सुरुवातीला एकच लांबलचक यादी होती, चार सेकंद, कोण वाचणार. शिवाय आम्ही लिहिलेलं “२ वाट्या तीळ, दीड वाटी गूळ”. लगेच प्रश्न, कुठली वाटी? एका ताईंनी किट अर्धं करायला वाटीने मोजलं, वाटीभर तिळाचं आणि वाटीभर चिरलेल्या गुळाचं वजन काही सारखं नसतं, त्यात गूळ दाबून भरला की सुटा हेही आलं, तर त्यांचे लाडू गोडमिट्ट आणि दातात चिकटणारे. आता प्रत्येक जिन्नस कढईत पडतो त्याच क्षणी त्याची पट्टी येते, ग्रॅममधे, आणि खाली बारीक अक्षरात “अख्खं पाकीट”. पट्टी किती वेळ ठेवायची याचा आमचा हिशोब म्हणजे आई ती मोठ्याने दोनदा वाचतील एवढा वेळ, चष्मा न लावता.

अक्षरांनी पण छळलं. फुकटच्या ॲपमधे ‘चिक्कीचा’ मधलं जोडाक्षर तुटून पाय मोडलेला क वेगळा आणि की वेगळी दिसायची, शेवटी मुक्ता फॉन्ट घातला तेव्हा नीट आलं. आणि बारीक फॉन्टमधे १ आणि ९ जवळजवळ सारखे दिसतात. आम्ही लिहिलेलं “१ चमचा तूप”, आणि एका मुलीने खरंच ९ चमचे घातलं, मला फोटो पाठवला, लाडू तुपात पोहत होते. तेव्हापासून दहाच्या आतला आकडा अक्षरात, “एक चमचा”.

उभ्या व्हिडिओत खालच्या भागावर नाव आणि कॅप्शन येतं, उजवीकडे लाईकची बटणं, म्हणजे पट्टीला जागा वरच उरते. मग शूट करतानाच कढई फ्रेममधे थोडी खाली धरायला लागते, वर ओट्याची मोकळी जागा सोडून. हे आधी ठरवलं नाही तर पट्टी नेमकी कढईवर बसते आणि ज्याच्यासाठी क्लोजअप घेतला तेच झाकतं. म्हणून आता वहीत प्रत्येक शॉटपुढे छोटा चौकोन काढून पट्टी कुठे ते आधी खुणावते, मग स्टँड लावतो.

व्हिडिओ झाला १ मिनिट ४५ सेकंदांचा, त्यात पाकाला जवळजवळ अर्धं मिनिट. भाचा म्हणाला लोक पळवतील. काही पळवतातही. पण किटच्या डब्यावर क्यूआर कोड छापल्यावर बघणारा माणूस ओट्यापाशीच उभा असतो, गूळ कढईत असतो, तो कशाला पळवतोय. लाडू वळायला जेमतेम चार मिनिटं मिळतात, मिश्रण आळलं तर कढई परत मंद आचेवर ठेवायची, हे शेवटी सहा सेकंदात सांगितलंय, तिथे अजून थोडं हवं होतं असं आता वाटतं. पुढच्या वेळी बघू.

गेल्या संक्रांतीला वळत नाहीत, दगड झाले असले फोन बरेच कमी झाले, वेगळेच यायला लागले. भोगीच्या दिवशी दुपारी कोथरूडहून एका बाईंचा फोन, हॅलो पण नाही, नुसतं म्हणाल्या, “ताई ऐका हं,” आणि ताटलीचा आवाज आला. मग विचारलं, “हाच ना?” मी म्हटलं जरा मऊ वाजतंय, गॅस लावा परत, पंधरा-वीस सेकंद.