मामांच्या दुकानासाठी तीन डॅशबोर्डमधून एक निवडताना

मामांची मिठाई, फरसाण आणि बेकरीची तीन दुकानं आहेत. एक मिरजेतलं जुनं आणि दोन सांगलीत, गावभागात आणि विश्रामबागेत. बिलं संगणकावर होऊ लागून चार वर्षं झाली, पण त्या बिलांमधून काही शोधायचं असलं की मामा अजून मामींच्या वहीकडेच वळायचे. गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात त्यांनी ठरवलं की आता एक डॅशबोर्ड, म्हणजे विक्रीचे आकडे आणि आलेख एकाच पानावर दाखवणारा पडदा, करून घ्यायचा. तिघांनी दरपत्रकं पाठवली, सोबत स्क्रीनशॉटही. मामांनी ते सगळे मला पाठवले आणि फोन केला, "तू पुण्यात हेच काम करतेस ना? मग यातला चांगला कुठला ते सांग. मला तर तिन्ही चांगलेच दिसतात."

मलाही तिन्ही चांगलेच दिसले, आणि अडचण तिथेच होती. तिन्ही चित्रांतले आकडे नमुन्याचे होते. एकात डॉलरची खूण होती, दुसऱ्यात प्रत्येक महिन्याची विक्री आधीच्यापेक्षा जास्त. नमुन्याच्या आकड्यांत पदार्थ पाचच असतात, नावं छोटी असतात आणि एकही दिवस रिकामा नसतो. आमच्याकडे पदार्थ 60 च्या वर, 'लसूण शेव (जाड) अर्धा किलो' अशी नावं, आणि मिरजेचं दुकान सोमवारी बंद. म्हणून मी मे महिन्याची बिलं एक्सेलमध्ये काढली, गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर पुसले आणि तीच फाईल तिघांनाही पाठवली. याच आकड्यांवर स्क्रीनशॉट करून द्या, तोही मोबाइलवर दिसेल तसा, एवढंच मागणं होतं. दोघांनी आठवड्यात दिले. तिसऱ्याने चार दिवस जास्त घेतले, पण दिले.

त्यांची वाट बघत असताना मी मामा-मामींना एकच विचारलं, सकाळी दुकान उघडल्यावर तुम्ही काय काय ठरवता? तासभर बोलून चार प्रश्न हाती आले. काल तिन्ही दुकानांत मिळून किती विक्री झाली आणि ती नेहमीसारखी आहे का? कुठलं दुकान मागे पडतंय? कुठला माल उरतोय, म्हणजे उद्या त्याचे घाणे कमी काढावे लागतील? आणि हॉटेलवाल्यांपैकी कोणाची उधारी महिन्यावर गेली? स्क्रीनशॉट बघण्याआधी हे प्रश्न कागदावर उतरवले, हे फार बरं झालं. एकदा चित्र समोर आलं की त्यात जे दिसतं तेच आपल्याला हवं होतं, असं वाटायला लागतं.

जूनमध्ये शनिवार-रविवार जोडून मी मिरजेला गेले. तिन्ही स्क्रीनशॉट मामांच्या फोनवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले, कारण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की बारीक अक्षरं फुटतात आणि दोष नक्की कोणाचा ते कळत नाही. नियम एकच केला, बोटांनी मोठं करून बघायचं नाही. मी प्रश्न विचारायची, मामा आणि मामी वेगवेगळं बसून उत्तर द्यायचे, आणि मी फोनवर सेकंद मोजून लिहून ठेवायची.

पहिल्या डॅशबोर्डवर 19 चौकटी होत्या. 'कालची एकूण विक्री' मामांना सापडायला 50 सेकंद लागले, कारण तो आकडा 'सरासरी बिल' आणि 'नवीन ग्राहक' यांच्यामध्ये त्यांच्याच आकाराच्या अक्षरांत बसला होता. मोटारीच्या स्पीडोमीटरसारखी तीन मीटर होती. एका मीटरने अर्धी रुंदी अडवली होती आणि सांगत होतं काय, तर 72 टक्के. कशाचे? तर लक्ष्याचे. ते लक्ष्य मामांनी कधी ठरवलंच नव्हतं, करणाऱ्याने स्वतःच एक आकडा घातला होता. शिवाय मीटरला मागचा-पुढचा दिवस नसतो. 72 हे कालच्या 90 वरून खाली आलेत की 60 वरून वर गेलेत, ते कळायला दुसरा आलेख लागतोच. लाल रंगाच्या आठ खुणा होत्या. मामींनी विचारलं, "एवढं सगळं बिघडलंय का?" काहीच बिघडलं नव्हतं. आदल्या दिवसापेक्षा एक रुपया कमी झाला तरी ती खूण लाल व्हायची, आणि रविवारनंतरचा सोमवार तर कमी असणारच.

मग मामांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. त्यांनी स्क्रीनशॉटचं मोठं प्रिंट काढून आणलं, खोक्याच्या पट्ट्या कापायची कात्री घेतली आणि एकेक चौकट कापून टेबलावर मांडायला लागले. प्रत्येक तुकडा हातात घेऊन म्हणायचे, "हे बघून मी उद्या काय वेगळं करणार?" उत्तर आलं तर तुकडा डावीकडे, नाही तर उजवीकडे. गावांचा नकाशा उजवीकडे गेला, कारण आमची सगळी गिऱ्हाइकं दोन शहरांतलीच. 'तासागणिक बिलं' वर मामी अडल्या. संध्याकाळी जादा मुलगा किती वाजता लावायचा ते त्यावरून ठरतं, पण ते वर्षातून दोनदाच ठरवतात. तो तुकडा मधे राहिला, रोजच्या पानावर नको पण मागच्या पानावर असावा म्हणून. शेवटी डावीकडे पाच तुकडे उरले. सांगण्यासारखं हे की त्या पाचांत विकणाऱ्याने ज्याची जाहिरात केली होती असं एकही नव्हतं.

दुसरा डॅशबोर्ड दिसायला सगळ्यांत देखणा, काळ्या पार्श्वभूमीचा. मधोमध मोठा डोनट, म्हणजे कड्यासारखा गोल आलेख, त्यात 14 पदार्थांचे 14 रंग आणि नावांची यादी बाजूला. मी विचारलं, विक्रीत दुसरा कोण? मामी एकदा यादीकडे, एकदा डोनटकडे बघत राहिल्या आणि 40 सेकंदांनी 'खारी' म्हणाल्या. खरं उत्तर चिवडा. शेव 12 टक्के, चिवडा 11, खारी 10. हे तीन काप शेजारी नसतील तर डोळ्यांना सारखेच दिसतात. मामींचं काही चुकलं नव्हतं. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की एकाच मोजपट्टीवरची टोकं माणूस बरीच अचूक ताडतो, कोन ताडताना जास्त चुकतो. तिसऱ्या डॅशबोर्डवर हेच आकडे आडव्या पट्ट्यांत होते, मोठी पट्टी वर, लहान खाली, आणि नाव पट्टीला लागूनच. तिथे मामींना चार सेकंद लागले. आडव्या पट्ट्यांचा आणखी एक फायदा आमच्यासारख्यांना होतो. 'लसूण शेव (जाड) अर्धा किलो' हे नाव आडवं पूर्ण मावतं, उभ्या पट्टीखाली ते तिरकं करून कापावं लागतं.

गोल आलेख, पाय चार्ट असो की डोनट, कधीच नको असं मी म्हणणार नाही. रोख किती आणि यूपीआय किती, असे दोनच भाग असतील तर तो एका नजरेत कळतो. चौदा भागांसाठी मात्र तो नाही.

याच डॅशबोर्डवर रोजची विक्री उभ्या पट्ट्यांत होती. तीन दुकानं गुणिले 31 दिवस, म्हणजे 93 पट्ट्या फोनच्या रुंदीत कोंबलेल्या. तिसऱ्यात तिथे तीन रेघा होत्या आणि प्रत्येक रेघ मागच्या सात दिवसांच्या सरासरीची. सात दिवस घेतले की रविवारची उसळी आणि सोमवारची सुट्टी प्रत्येक बिंदूत एकदाच येते, म्हणून चढउताराचा गोंधळ निघून जातो. गावभागाची रेघ 12 मे नंतर हळूहळू खाली येतेय, हे मामांनी न विचारता सांगितलं. त्या 93 पट्ट्यांत ते आम्हा कोणालाच दिसलं नव्हतं.

म्हणजे तिसरा पक्का, असं मामा म्हणायला लागले, तेव्हा मीच थांबवलं. त्याच्या दुकानांच्या आलेखात एक मोठी खोट होती. रोजची सरासरी विक्री मिरज 52 हजार, विश्रामबाग 48 आणि गावभाग 45 हजार. पण पट्ट्या शून्यापासून सुरू न होता 40 हजारांपासून सुरू होत होत्या. त्यामुळे मिरजेची पट्टी 12 ची आणि गावभागाची 5 ची झाली, निम्म्याहूनही लहान. मामा ते बघून खरंच हादरले होते. प्रत्यक्षात गावभाग मिरजेपेक्षा साधारण 13 टक्के मागे आहे. रेघेच्या आलेखात सुरुवात शून्यापासून नसली तरी चालतं, कारण तिथे आपण चढ आणि उतार बघतो. पट्टीत आपण लांबीच बघतो, ती कापली तर तुलनाच खोटी होते. माहिती कुठल्या दिवसापर्यंतची आहे, हेही त्या पानावर कुठेच नव्हतं. मी फोनवरच स्क्रीनशॉट काळा-पांढरा करून बघितला तर हिरवा आणि लाल बाण एकाच राखाडी रंगाचे झाले. मामांना तसंही लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे मामींनी तेव्हा सांगितलं. म्हणून बाणाची दिशा आणि आकड्यापुढे अधिक-उणे चिन्ह हवंच, असं लिहून दिलं.

सगळ्यांत मोठी चूक मात्र तिन्हींत सारखीच होती, आणि ती मामींनी पकडली. जुने आकडे घालून ऑक्टोबर 2024 चं पान बघत होतो. ऑक्टोबर 2023 ला विक्री 44 लाख, 2024 ला 63 लाख. ठळक हिरवा आकडा, 43 टक्के वाढ. मामी म्हणाल्या, "अगं, त्या वर्षी फराळ ऑक्टोबरातच गेला की सगळा." बरोबर होतं. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं आणि 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. चिवडा, चकली, शंकरपाळ्यांची खरेदी आधीच्या पंधरवड्यात होते, म्हणून ती एका वर्षी नोव्हेंबरात पडली आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात. दोन्ही महिने एकत्र धरले तर 105 लाखांचे 110 लाख, म्हणजे वाढ पाच टक्क्यांच्याही आत. 43 वर विसंबून मामांनी बेसन आणि तेल भरलं असतं, तर पैसे गोदामात अडकले असते.

आम्ही तिसऱ्याला काम दिलं, पण दुरुस्त्यांचं पान जोडून. पट्ट्या शून्यापासून, वर 'माहिती कधीपर्यंतची' ही ओळ, लाल रंग फक्त दोन गोष्टींना, महिन्यावर गेलेली उधारी आणि ठरवलेल्या प्रमाणापेक्षा जास्त उरलेला माल. उधारीला आलेख नकोच म्हटलं. नाव, रक्कम, दिवस असा साधा तक्ता, कारण तिथे मामांना फोन कोणाला करायचा एवढंच बघायचं असतं. आणि सणाच्या विक्रीसाठी वेगळी रेघ, जिच्यात तारखेऐवजी लक्ष्मीपूजनाला किती दिवस उरलेत ते असेल.

काही गोष्टी स्क्रीनशॉटवरून कळल्याच नाहीत. पान उघडायला किती वेळ लागतो, आणि गावभागाचं इंटरनेट गेलं तर त्या दिवसाची विक्री शून्य दिसते की 'माहिती आली नाही' असं दिसतं, हे पंधरा दिवस वापरल्यावर समजलं. शून्यच दिसत होतं. तेही बदलून घेतलं.

2025 चं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. त्याच्या बारा दिवस आधी मामांनी मला त्या रेघेचा स्क्रीनशॉट पाठवला. या वर्षीची रेघ मागच्या दोन वर्षांच्या रेघांना जवळजवळ चिकटून चाललेली होती, विश्रामबागेची तेवढी थोडी वर. खाली मामांनी लिहिलं होतं, "विश्रामबागेला चिवड्याचे दोन घाणे वाढवले. बाकी नेहमीसारखं."