शिडी ६ सेंटिमीटरने अडकली

तीन आठवडे झाले तरी ती शिडी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते.

मी मेंटेनन्समध्ये इंजिनिअर आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे बल्ब बदलणं आणि शिव्या खाणं, दुसरा भाग बरोबर आहे. आमच्याकडे मागच्या अंगाला पॅनल रूम आहे, छत उंच, आणि तिथे जायचा रस्ता एकच: आधी अडीच मीटर रुंद पॅसेज, मग काटकोनात वळून एक मीटरचा अरुंद बोळ. विजेचं काम असल्याने शिडी फायबरग्लासचीच लागते, आणि आमच्या सरांना सरकती शिडी मुळीच चालत नाही, एकसंध हवी. प्रश्न एवढाच की त्या कोपऱ्यावरून वळेल अशी जास्तीत जास्त लांब शिडी किती?

स्टोअरवाल्या काकांनी टेप लावला. आतल्या कोपऱ्याला टेकून टेप ४५ अंशात तिरका धरला, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ४.९५ मीटर भरलं. म्हणाले, "मॅडम, ४.९ ची मागवा, आरामात वळेल." मी म्हटलं थांबा काका, ४५ अंश कुठून आणलात? दोन्ही पॅसेज सारख्या रुंदीचे असते तर ठीक होतं, इथे एक दुसऱ्याच्या अडीच पट आहे.

तर मी वही काढली. शिडी म्हणजे एक सरळ रेघ धरायची, आतल्या कोपऱ्याला टेकलेली आणि दोन्ही टोकं बाहेरच्या भिंतींना लागलेली. अरुंद बोळाच्या भिंतीशी ती θ कोन करत असेल तर बोळातला तुकडा 1/sinθ आणि रुंद पॅसेजमधला तुकडा 2.5/cosθ. दोन्ही मिळून:

L = 1/sinθ + 2.5/cosθ

इथे सरांनी वहीत डोकावून जो प्रश्न विचारला तो सगळेच विचारतात: "सगळ्यात लांब शिडी हवीय ना, मग मॅक्सिमम काढ, मिनिमम कशाला काढतेस?" मॅक्सिमम नाहीच आहे सर! θ शून्याकडे नेलात की पहिला तुकडा वाढतच जातो, ९० कडे नेलात की दुसरा. २० अंशाला ५.५८ मीटर जागा आहे, ६० अंशाला ६.१५. पण शिडी वळवताना तिला मधल्या प्रत्येक कोनातून जावं लागतं, एकही वगळता येत नाही, म्हणजे जिथे जागा सगळ्यात कमी तिथे ती मावली पाहिजे. L ही शिडीची लांबी नाहीच, त्या कोनाला किती जागा आहे ते L सांगतो. त्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच सगळ्यात लांब शिडी. सरांनी मान डोलावली, पटलं की नाही देव जाणे.

पुढचं सोपं आहे. डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवलं:

-cosθ/sin²θ + 2.5·sinθ/cos²θ = 0

म्हणजे tan³θ = 1/2.5 = 0.4, tanθ साधारण ०.७३७, कोन ३६.४ अंश. तिथे जागा ४.७९ मीटर. काकांच्या आकड्यापेक्षा १६ सेंटिमीटर कमी! खोटं कशाला बोलू, छाती फुगली. काकांना वही दाखवली, ते "हं" म्हणाले. मी ४.७ ची शिडी मागवली, ९ सेंटिमीटर सुटीची ठेवून.

शिडी आली. उभ्या कडेवर धरली, म्हणजे पायऱ्या उभ्या आणि फक्त बाजूची पट्टी खाली, कारण आडवी धरली तर ४० सेंटिमीटरची रुंदी वळणात मध्ये येते हे कोणालाही कळतं. पुढे एक पोरगा, मागे काका, मी कोपऱ्यावर उभी राहून हात दाखवतेय जसं काही ट्रक रिव्हर्स घेतोय. अर्धी वळली आणि खट्ट. पुढचं टोक भिंतीला, मागचं टोक भिंतीला, पट्टी कोपऱ्याला. पुढे जाईना. मी म्हटलं जोर लावा, तेव्हा कोपऱ्याचं प्लॅस्टर निघालं.

पहिला संशय मापावर. टेपने पुन्हा मोजलं, एक मीटर, अडीच मीटर, चोख. शिडी ४.७, चोख. मग वहीतच चूक असणार म्हणून तिथेच फरशीवर बसून पुन्हा डेरिव्हेटिव्ह केलं, तेही चोख. पोरगा मोबाईल बघत बसला. काकांनी मात्र पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, ही जाडी धरली का?"

नव्हती धरली. पट्टी ७ सेंटिमीटर जाड आहे आणि मी ९ सोडले होते, मनात कुठेतरी असंच होतं की ७ ला ९ पुरतील. पण हिशोब तसा होत नाही. कोपऱ्याला टेकते ती शिडीची आतली कड, तिच्या रेषेत भिंतीपासून भिंतीपर्यंत ४.७९ जागा आहेच. पण भिंतींना आधी लागते बाहेरची कड, ती ७ सेंटिमीटर पलीकडे, बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूला, जिथे त्रिकोण निमुळता होत जातो. एका टोकाला ७ गुणिले tanθ म्हणजे ५ च्या आसपास जातात, दुसऱ्या टोकाला ७ भागिले tanθ म्हणजे साडेनऊ. मिळून जवळजवळ १५. जाडी w धरली तर सूत्रात w/(sinθ·cosθ) एवढं वजा होतं, आणि ते कधीच जाडीच्या दुपटीपेक्षा कमी नसतं, कोन कुठलाही घ्या. नवा मिनिमम ४.६४. माझी शिडी ६ सेंटिमीटरने मोठी. कॉलेजात हे गणित सोडवताना शिडीला जाडी नसते, आणि मी तशीच नोकरीला लागले.

काका म्हणाले, "एक बाजू उचलू का?" मी म्हटलं उचला, तिरकी केली की जमिनीवरची सावली आखूड होते. पोराने पुढचं टोक थोडं उचललं आणि शिडी आणखी घट्ट बसली! मला रडूच यायचं बाकी होतं. नंतर कळलं का ते: कडेवर धरलेली शिडी ४० सेंटिमीटर उंच आहे, थोडी तिरकी केली की लांबी अगदी किंचित घटते पण वरची कड आडवी मागे सरकते, त्यामुळे ५ अंशाच्या आसपास सावली उलट पावणेदोन सेंटिमीटरने वाढते. १० अंशाच्या जवळ जाऊन कुठे ती परत ४.७ वर येते. थोडं उचलणं हे न उचलण्यापेक्षा वाईट.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते पोराला म्हणाले, "अरे नीट उचल की, खांद्यावर घे." पोराने शिडी खाली घेऊन दोन पावलं मागे आणली, पुढचं टोक खांद्यावर घेतलं, काकांनी मागचं फरशीला टेकवलं, आणि शिडी वळली. हिशोबाने १५ अंश तिरकी हवी होती, वरचं टोक १.६० मीटरवर. पोराच्या कानाच्या जरा वर.

संध्याकाळी काका स्टोअरमध्ये सगळ्यांना सांगत होते की माझीच ४.९ वाली मागवली असती तरी अशीच उचलून गेली असती. मी घरी जाऊन तेही केलं. ४.९ ला २४ अंश तिरकं धरावं लागतं, वरचं टोक २.३६ मीटरवर जातं, आणि त्या कोपऱ्यावर एसीचा डक्ट खाली उतरलाय तो बरोबर २ मीटरवर. नसती गेली. काकांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगायला गेले की ते प्लॅस्टर कोणी पाडलं ते विचारतील.