कुलपात किल्ली घातली की

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. शाळेतून येताना रिक्षात मी ठीक असायची, जिना चढेपर्यंतही ठीक. पण पर्समधून किल्ली काढून कुलपात घातली की पोटाच्या खालच्या भागात एकदम कळ यायची आणि तिथून संडासापर्यंतची दहा पावलं माझ्या हातात राहायची नाहीत. कधी चार थेंब, कधी साडी बदलावी लागेल इतकं. आवरून धरायचं म्हटलं तरी धरता यायचं नाही. मी तेव्हा 53 वर्षांची होते, पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. हे कुणाला सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं, म्हणून पहिले चार महिने मी कुणालाच सांगितलं नाही.

पहिल्यांदा बोलले ते जाऊबाईंशी. त्या म्हणाल्या, "उन्हाळी लागली असेल गं, धण्याचं पाणी पी, सब्जा घे." एप्रिल होता, पटलं. शिवाय अधूनमधून थोडी जळजळ होतही होती. आता कळतं की ती जळजळ कशामुळे होती. शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही म्हणून मी सकाळी सातपासून दुपारपर्यंत जवळजवळ पाणीच पीत नव्हते. लघवी गडद पिवळी आणि तीव्र व्हायची, ती जाताना चुरचुरायची.

आमच्या नेहमीच्या दवाखान्यात गेले. लघवीची तपासणी झाली, रिपोर्टमध्ये पस सेल्स म्हणजे पुवाच्या पेशी 6 ते 8 आल्या आणि "इन्फेक्शन आहे" म्हणून पाच दिवसांची अँटिबायोटिकची गोळी मिळाली. नेमकी त्याच वेळी मे महिन्याची सुट्टी सुरू झाली. घरी असल्यामुळे पाणी नीट पोटात जाऊ लागलं, जळजळ थांबली आणि मला वाटलं गोळी लागू पडली. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि सगळं पुन्हा तसंच. दुसरी गोळी. ऑगस्टमध्ये तिसरी, अधिक जोरदार. तिसऱ्या वेळी आठवडाभर जुलाब झाले. किल्ली कुलपात घातल्यावर येणारी कळ मात्र एकाही गोळीने कमी झाली नाही. या तिन्ही वेळा लघवीचं कल्चर, म्हणजे तिच्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, एकदाही झालं नव्हतं. ते करायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं.

शेवटी भाचीने आग्रह करून मूत्ररोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी जुने तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि एका ओळीवर बोट ठेवलं, जी मी कधी वाचलीच नव्हती. एपिथेलियल सेल्स 10 ते 12. "मॅडम, ह्या वरवरच्या त्वचेच्या पेशी आहेत. एवढ्या आल्या म्हणजे नमुन्यात बाहेरचा भाग मिसळला. मग त्याच्यासोबत आलेल्या पस सेल्सवर किती विश्वास ठेवायचा?" मी आजवर डबीत सुरुवातीचीच लघवी देत होते. त्यांनी रीत सांगितली. जागा साध्या पाण्याने धुऊन घ्यायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत धरायची आणि डबी लगेच लॅबमध्ये पोहोचवायची. दुसरं म्हणजे अँटिबायोटिक सुरू असताना कल्चर केलं तर जंतू असूनही रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. म्हणून शेवटचा कोर्स संपून आठवडा झाल्यावर नमुना द्यायला सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी कल्चर आलं. जंतूंची वाढ नाही. पस सेल्स 1 ते 2. सोबत रक्तातली साखर पाहिली, कारण मधुमेहातही सारखं जावं लागतं. ती बरोबर होती. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर लघवीच्या पिशवीत किती शिल्लक राहते ते मोजलं, 20 मिली निघाली. पिशवी नीट रिकामी होत होती, खडा नव्हता. लघवीत रक्तही नव्हतं. ते त्यांनी मुद्दाम दोनदा विचारलं. इन्फेक्शन नसताना लघवीतून रक्त गेलं, मग ते एकदाच का असेना, तर त्याची वेगळी तपासणी करावीच लागते.

मला वाटलं, आता निदान सांगतील. त्यांनी वही लिहायला सांगितली. मेडिकलच्या दुकानातून मिलीच्या रेघा असलेला प्लास्टिकचा मग आणला आणि तीन दिवस प्रत्येक वेळी मोजून लिहिलं. वेळ, किती मिली, घाई किती होती, गळती झाली का, काय प्यायलं. एक दिवस रविवार, दोन शाळेचे. शाळेत मग नेणं शक्य नव्हतं, म्हणून तिथे फक्त वेळ लिहिली.

रविवारचा हिशोब मला अजून पाठ आहे. सकाळी उठल्यावर 310 मिली. त्यानंतर दिवसभरात अकरा वेळा, प्रत्येक वेळी 70 ते 120 च्या मध्ये. रात्री एकदा उठले, तेव्हा 180. बेरीज दीड लिटरच्या आसपास. गळती तीनदा. एकदा नळ सोडून भांडी घासताना, एकदा बाजारातून येऊन दार उघडताना, एकदा टीव्हीसमोरून उठताना.

डॉक्टरांनी ते पान पाहूनच सांगितलं. एकूण दीड लिटर म्हणजे लघवी जास्त तयार होत नाही. साखर वाढलेल्या माणसाला सारखं जावं लागतं, पण प्रत्येक वेळी भरपूर होते आणि बेरीज मोठी येते. माझी प्रत्येक वेळची लघवी थोडीशी होती. आणि सकाळचे 310 हे सांगत होते की पिशवी लहान झालेली नाही. पिशवीच्या भिंतीचा स्नायू पिशवी भरायच्या आधीच, तिसरा हिस्सा भरली असताना आवळायला लागतो. मेंदूने "थांब" म्हणायच्या आत तो पिळतो. याला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात, मराठीत अतिक्रियाशील मूत्राशय. इथे जंतू नसतातच, त्यामुळे अँटिबायोटिकने काही होणार नव्हतं. खोकताना किंवा शिंकताना, घाई न लागता गळतं तो आणखी वेगळा प्रकार. माझ्या वहीत तसं एकदाही नव्हतं.

माझ्या एका सवयीने हे वाढवलं होतं. घराबाहेर पडताना, तास सुरू होण्याआधी, झोपण्याआधी, लागली नसतानाही मी "जाऊनच येऊ" म्हणून जात होते. 80 मिलीवर रिकामं व्हायची पिशवीला सवय लागते आणि मग 80 मिलीलाच ती घंटा वाजवते.

उपचाराचा मुख्य भाग म्हणजे ही सवय उलटवणं. वहीप्रमाणे मी साधारण दीड तासाने जात होते. पहिला आठवडा घड्याळाप्रमाणे दीड तासानेच जायचं, लागली असो वा नसो, पण मध्ये नाही. पुढच्या आठवड्यात पावणेदोन तास. दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत तीन तासांपर्यंत. मध्येच कळ आली तर पळायचं नाही. हेच मला सगळ्यात अवघड गेलं, कारण आजवर मी पळतच होते आणि पळतानाच गळत होतं. कळ आली की जिथे असाल तिथे थांबायचं, शक्य असेल तर खुर्चीच्या कडेवर बसायचं आणि वायू अडवताना जे स्नायू आवळतो ते झटझट पाच-सहा वेळा आवळायचे. ओटीपोटाच्या तळाचे हे स्नायू आवळले की पिशवीच्या स्नायूला ढिलं पडायचा निरोप जातो. कळ लाटेसारखी असते. चढते, टोकाला जाते आणि मिनिटभरात उतरते. उतरल्यावर सावकाश चालत जायचं. दारापाशी मी किल्ली हातात धरून, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून हे करायची. वर शेजारणीचं दार उघडलं तर फोन पाहिल्यासारखं करायचं.

त्याच स्नायूंचा व्यायाम वेगळाही दिला होता. आठ-दहा सेकंद आवळून धरायचं, तेवढंच सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्यांदा मला चार सेकंदही जमलं नाही. नर्सताईंनी दाखवून दिलं की मी पोट आणि मांड्या आवळत होते, हवे ते स्नायू नाही. चहा पाच कपांवरून दोनवर आणला, तोही संध्याकाळी सहानंतर नाही. पाणी मात्र कमी करू दिलं नाही. तीव्र लघवी पिशवीला आणखी चिडवते.

दोन महिन्यांत गळती दिवसाला तीनवरून आठवड्याला तीन-चारवर आली, पण तिथेच अडकली. मग पिशवीचा स्नायू सैल करणारी मिराबेग्रॉनची गोळी सुरू झाली, आधी आणि नंतर रक्तदाब तपासून. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ वाढतो. मला तो आधीच होता, म्हणून ही निवडली. पूर्ण परिणाम दिसायला दोन महिने लागू शकतात हे आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी पंधरा दिवसांत सोडली असती.

आणि मग फेब्रुवारीत मला खरंच इन्फेक्शन झालं. आदल्या रात्रीपर्यंत काही नव्हतं. सकाळी उठले तर लघवी करताना आग, आणि लघवी संपतानाच्या क्षणाला ओटीपोटात तीक्ष्ण दुखणं. गढूळ, घाणेरड्या वासाची. जाऊन आले तरी अजून उरल्यासारखं वाटायचं. थांबून स्नायू आवळून पाहिले, काही उपयोग नाही. कारण ती लाट नव्हती, सलग दुखत होतं. नळ, किल्ली, दार कशाशीच त्याचा संबंध नव्हता. तेव्हा कळलं की आधीच्या दहा महिन्यांत मला हे एकदाही झालं नव्हतं.

यावेळी गोळी घ्यायच्या आधी मधल्या धारेचा नमुना कल्चरला दिला. ई. कोलाय नावाचा जंतू निघाला, मोजणी 1 लाखाच्या वर, आणि कोणतं औषध चालेल त्याची यादीही आली. नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस. दुसऱ्याच दिवशी आग कमी झाली, तिसऱ्या दिवशी गेली. ताप किंवा पाठीत कुशीला दुखणं असतं तर ते मूत्रपिंडापर्यंत गेल्याचं लक्षण असू शकतं आणि त्याच दिवशी यायला सांगितलं होतं. तसं काही झालं नाही. दारातली कळ मात्र इन्फेक्शनच्या आधी जेवढी होती तेवढीच, नंतरही तेवढीच.

मागच्या रविवारी पुन्हा वही लिहिली. सकाळी 330, नंतर दिवसभरात सहा वेळा, 180 ते 240. रात्री उठले नाही. गळती नाही. बुधवारी मात्र एकदा झाली, पावसात भिजून येऊन कुलूप उघडताना. पुढच्या भेटीत गोळी बंद करून बघायचं ठरलं आहे, व्यायाम आणि दोन कप चहा तसाच राहील.