तिसरं नाव

"मॅडम, पाण्याचे नमुने तुम्ही आणले, तपासले तुम्ही, मग पेपरवर तुमचं नाव तिसरं कसं? आणि तुम्ही त्याला संमती का दिलीत?"

दिली, कारण पीएच.डी.च्या प्रबंधावर माझ्या गाइड सरांची सही हवी होती. प्री-सबमिशन सेमिनार तीन आठवड्यांवर होता आणि फेलोशिपचे पाच महिने उरले होते. असं विचारणाऱ्या प्रत्येकाला सात वर्षं मी हेच उत्तर देतेय. ते खरं आहे, पण पुरं नाही.

तिसऱ्या मसुद्यापर्यंत माझं नाव पहिलं होतं. पेपर जर्नलला गेला त्या संध्याकाळी सगळ्या लेखकांना ई-मेल आला: तुम्ही या लेखाचे सहलेखक आहात, खात्री करा. सोबतच्या फाइलवर आधी सर, मग सरांचे साडू, मग मी. साडूंची फिल्टर बनवणारी कंपनी होती. वरोरा-भद्रावतीकडच्या ज्या शाळेत आम्ही फ्लोराइड काढायचा फिल्टर बसवला, तो त्यांनी फुकट दिला होता. मी केबिनमध्ये गेले. सर म्हणाले, "नाव आहे ना तुझं? क्रमाचं काय घेऊन बसलीस." मी परत आले आणि लिंकवर क्लिक केलं. आमचे लॅबमधले काका टेबल पुसत होते. ते एवढंच म्हणाले, "पाणी त तूच आनलं ना वं सारं?"

सरांचं नाव पेपरवर हवंच होतं, हे मी रागातही नाकारत नाही. प्रश्न त्यांनी निवडला, प्रयोगाची आखणी त्यांची आणि मसुदा त्यांनी ओळन् ओळ तपासला. साडूंचं तसं नव्हतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आता इतर विषयांतही मानल्या जातात: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही पूर्ण व्हाव्या लागतात. नुसतं उपकरण पुरवणाऱ्याची जागा आभारात. पण क्रम कसा लावायचा ते या अटी सांगत नाहीत. तो लेखकांनी आपसात ठरवायचा असतो, आणि आपसात ठरवताना ज्याची सही दुसऱ्याच्या हातात असते तो मागे सरकतो.

क्रमाने काय बिघडतं, असंही विचारतात. नोकरीच्या वेळी कळतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला 70 टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30 टक्के. पेपर 15 गुणांचा असेल तर एकाला साडेदहा, दुसऱ्याला साडेचार.

पण मला खरा फटका गुणांनी दिला नाही. तो प्रबंध जमा करताना बसला.

प्रबंधातला किती मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी जुळतो ते सांगणारा साम्य-अहवाल 34 टक्के आला. यूजीसीच्या 2018 च्याच दुसऱ्या नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. 10 ते 40 मध्ये असाल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. माझ्या 34 पैकी 23 टक्के एकाच ठिकाणाहून होते: त्याच पेपरमधून. चौथं प्रकरण म्हणजे तोच पेपर, विस्ताराने लिहिलेला. स्वतःचा प्रकाशित पेपर प्रबंधात वापरता येतो, त्याचा उल्लेख करून, आणि तो भाग मोजणीतून वगळता येतो. मी हे समितीपुढे सांगितलं. एका सदस्यांनी पेपरचं पहिलं पान माझ्यासमोर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "इथे तर तुम्ही तिसऱ्या आहात. हे प्रकरण तुमचं कशावरून?"

मला उत्तर सुचलं नाही. बाटल्यांवरची लेबलं माझ्या अक्षरात होती, फ्लोराइड मोजायच्या इलेक्ट्रोडच्या नोंदवह्या माझ्या होत्या, नागपूरच्या गणेशपेठहून सुटणाऱ्या एसटीची तिकिटंही वहीत डकवलेली होती. पण संमतीची लिंकसुद्धा मीच दाबली होती. माझ्याच कामाची चोरी केल्याचा संशय माझ्यावर येत होता, आणि त्याला आधार माझ्याच संमतीचा होता. शेवटी ठरलं की दोन्ही सहलेखकांकडून लेखी आणायचं: हे काम हिचं आहे, हिने प्रबंधात वापरायला आमची हरकत नाही.

सरांनी लगेच दिलं. साडूंच्या ऑफिसात मी दीड तास बसले. मे महिना होता. आत बोलावल्यावर त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "कुठला पेपर?" मी शीर्षक सांगितलं. त्यांना आठवेना. मग फिल्टर म्हटल्यावर हसले, सही केली आणि पाणी विचारलं. माणूस वाईट नव्हता. ज्या कामाची जबाबदारी त्यांनी कागदोपत्री घेतली होती ते त्यांनी कधी वाचलंच नव्हतं, आणि ते माझं असल्याचा दाखला मी त्यांच्याकडून घेत होते.

त्याच अहवालात 3 टक्के साम्य एका सीनियरच्या प्रबंधाशी होतं. फ्लोराइड मोजण्याच्या पद्धतीचा उतारा मी जसाच्या तसा उचलला होता. पद्धत तीच, बफर तेच, मग शब्द वेगळे कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. ती माझी चोरी होती. तिच्याबद्दल समितीने काही विचारलं नाही, मीही बोलले नाही.

आता जे मी टाळत आले ते.

पेपरच्या शेवटी एक ओळ आहे: लेखकांचे कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत. दुसरा लेखक कंपनीचा मालक, फिल्टर त्याच कंपनीचा, तो पहिल्या लेखकाचा नातलग. असे हितसंबंध उघड लिहिणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नसते. वाचणाऱ्याला निष्कर्ष तपासताना किती सावध राहायचं ते त्यावरून कळतं. आणि सावध राहायला इथे कारण होतं. फिल्टरमध्ये फ्लोराइड धरून ठेवणारं सक्रिय अॅल्युमिना होतं. ते भरत आलं की कॉस्टिक सोड्याने धुऊन, आम्लाने सामू खाली आणून पुन्हा वापरतात. तिकडच्या बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात त्याची ताकद लवकर उतरते. तिसऱ्या धुण्यापर्यंत बाहेर येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत होतं. चौथ्यानंतर आठवड्याभरात ते 1.7 वर गेलं. भारतीय मानकाप्रमाणे दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा 1.5 आहे. पेपरमध्ये तीनच फेऱ्या छापल्या. चौथीचे आकडे "पुढच्या पेपरमध्ये" द्यायचे ठरलं. तो पेपर झाला नाही. माझ्या प्रबंधात ते आकडे आहेत, पण प्रबंध कोण वाचतं?

तेव्हाच्या मला मी विचारते: लेखकांचा क्रम सोड, ही ओळ तरी का थांबवली नाहीस? ती म्हणते, सही. मी म्हणते, सही मिळाल्यावर? मग ती गप्प होते. छापून आल्यावर लेखकांची नावं बदलायची तर जर्नल सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतं, आणि वाद असेल तर संस्थेकडे बोट दाखवतं. त्यामुळे क्रमाबाबत माझे हात खरंच बांधलेले होते. पण लपवलेल्या हितसंबंधाबद्दल संपादकांना लिहायला कोणाची संमती लागत नाही. सहलेखकाने लिहावं, वाचकाने लिहावं. ते पत्र मी एकटी लिहू शकले असते.

मागच्या वर्षी त्या शाळेत गेले. फिल्टर तिथेच आहे. नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि तपासलं: 1.9. हा आकडा मी मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवला. संपादकांना पत्र अजून गेलेलं नाही. सर निवृत्त होऊनही आता चार वर्षं झाली.