समरी पहिल्या पानावर, पण लिहायची सगळ्यात शेवटी

"मॅडम, आमचं प्रपोजल लिहून तयार आहे, पण क्लायंटचा फॉरमॅट वेगळाच आलाय, त्यांना एक्झिक्युटिव्ह समरी सगळ्यात आधी पाहिजे. आता सगळं परत लिहायचं का?"

नाही ओ, परत नाही लिहायचं, हलवायचं. आणि जे हलवून भरत नाही तेवढंच नवीन लिहायचं. हे मी सोलापुरात महिन्यातनं एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, आणि त्यासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्या अण्णांचं उदाहरण घेते (नाव नको म्हणाले).

एका हॉटेल ग्रुपला चार हॉटेलांसाठी वर्षाला ६,००० बाथ टॉवेल पाहिजे होते. त्यांचा फॉरमॅट असा: पहिलं एक्झिक्युटिव्ह समरी, एका पानाच्या आत, मग गरजेची समज, मालाचं स्पेसिफिकेशन, डिलिव्हरी प्लॅन, खराब माल बदलून द्यायची पॉलिसी, कंपनीची ओळख आणि शेवटी परिशिष्टं. रेट वेगळ्या फाइलीत. आणि अण्णांचा ड्राफ्ट १४ पानांचा, सुरुवात कुठनं तर आजोबांच्या हातमागापासनं. तिसऱ्या पानापर्यंत टॉवेल हा शब्दच नाही! मी बोलले तर अण्णा म्हणाले, लग्नाची बोलणी करताना आधी घराणंच सांगतात की. म्हटलं अण्णा, खरंय, पण इथं बायोडाटाचा नमुना मुलीकडच्यांनीच छापून पाठवलाय, आपण फक्त भरायचा.

पहिलं काम म्हणजे जुन्या ड्राफ्टला हातच लावायचा नाही. कोरी फाइल उघडायची आणि क्लायंटची हेडिंगं जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच नंबरनं टाकायची. त्यांनी एखाद्या भागाला जे नाव दिलंय त्याचं आपण आपल्या आवडीचं इंग्रजी करायचं नाही, कारण तिकडं बसलेला माणूस यादी हातात घेऊन एकेक टिक करत असतो, त्याला ते नाव दिसलं नाही की तो भाग नाहीच असं धरतो. हेडिंगला वर्डमधली Heading 1 स्टाइल द्या, नुसतं बोल्ड करू नका. मग View मधनं Navigation Pane चालू केलं की डावीकडं हेडिंगं दिसतात आणि एक हेडिंग ओढून वर-खाली नेलं की त्याच्या खालचा सगळा मजकूर बरोबर जातो. एकेकटा पॅरा सरकवायचा असेल तर त्यात कर्सर ठेवून Alt+Shift+↑. कट-पेस्ट करत बसलात तर अर्धा पॅरा मधेच कुठंतरी राहतो, माझाही राहिलाय.

आता जुन्या ड्राफ्टातला एकेक पॅरा वाचायचा आणि स्वतःला विचारायचं, हा त्यांच्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? उत्तर असेल तर त्या हेडिंगखाली. नसेल तर खाली "उरलेलं" म्हणून एक हेडिंग करून तिथं टाका, डिलीट नका करू, मालकाच्या जिवावर येतं. अण्णांची चार पानं उरलेल्यात गेली. आणि उलट बाजूनं, माल बदलून द्यायच्या पॉलिसीखाली काहीच आलं नाही, पूर्ण रिकामं. अण्णा वर्षानुवर्षं सुटलेल्या धाग्याचा माल मुकाट्यानं बदलून देतात पण लिहिलेलं कुठंच नव्हतं. फॉरमॅटमध्ये बसवायचा खरा फायदा हाच, भोकं दिसतात.

स्पेसिफिकेशनमध्ये एक गंमत झाली. अण्णांनी ५५० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला ५५० ग्रॅम, एवढंच लिहिलं होतं आणि क्लायंटच्या टेबलात रकाना होता एका नगाचं वजन. म्हणजे मजकूर हलवला तरी उत्तर तिथं नव्हतं. टॉवेल ७५ बाय १५० सेंटीमीटरचा, म्हणजे १.१२५ चौरस मीटर, गुणिले ५५०, साधारण ६१९ ग्रॅम. दोन मिनिटांचं काम, पण रकाना रिकामा गेला असता. आणि समरीत नुसतं ५५० जीएसएम टाकू नका, कारण जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन हे अण्णांनी सांगितलं होतं जुन्या ड्राफ्टच्या नवव्या पानावर, आता समरी वाचणाऱ्याला ते आधीच लागणार.

मग समरी. ती पहिली छापायची असते म्हणून लोक पहिली लिहायला बसतात आणि तिथंच अडकतात. बाकी सगळं जागेवर बसल्यावर लिहा, प्रत्येक भागातनं एक-दोन वाक्यं उचलून. आमची साधारण अशी झाली: तुमच्या आताच्या टॉवेलचे काठ धुलाईत सैल होतात असं तुम्ही कळवलंय, त्यासाठी आम्ही एका नगाला ६१९ ग्रॅमचा, दुहेरी शिलाईच्या काठाचा टॉवेल देऊ, वर्षात १,५०० नगांचे चार लॉट, पहिला लॉट ४५ दिवसांत. त्यात अनुभव एका ओळीत.

इथं मी थांबले. ४५ दिवस कधीपासनं? डिलिव्हरी प्लॅनमध्ये होतं पीओ आल्यापासनं, रेटच्या फाइलीत होतं अ‍ॅडव्हान्स जमा झाल्यापासनं, आणि अण्णांच्या मनात होतं सॅम्पल पास झाल्यापासनं! तीन ठिकाणी तीन, आणि १४ पानांत विखुरलेलं असल्यामुळं कुणाच्या लक्षातच नाही आलं. समरीत एकच वाक्य लिहायचं म्हटल्यावर एकच दिवस निवडावा लागला, सॅम्पल पास झाल्यापासनं, आणि मग बाकी दोन्हीकडं तेच केलं.

आणखी एक, अण्णांच्या मुलानं उत्साहात समरीत रेटही घातला होता. सगळीकडं समरीत किंमत लिहायची असते असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. एरवी चालतं, पण रेट वेगळ्या फाइलीत मागितलेत तिथं टेक्निकल फाइलीत रेटचा एक आकडा जरी दिसला तरी प्रपोजल बाद होऊ शकतं, आधी माल तपासायचा आणि मगच रेट उघडायचे म्हणून तर दोन फाइली असतात. तो काढला, आणि Ctrl+F मध्ये Rs टाकून पूर्ण फाइल शोधली, एक परिशिष्टातल्या जुन्या बिलाच्या फोटोतही सापडला (फोटोतला शोधात येत नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागला).

पाठवायच्या आधी Ctrl+F मध्येच above, below, earlier असे शब्द शोधा. पॅरा हलला की "वरच्या टेबलात दाखवल्याप्रमाणे" मधलं टेबल आता सहा पानं खाली असतं. टेबलांचे नंबर आणि अनुक्रमणिका वर्डमधनं आपोआप घातलेली असेल तर Ctrl+A आणि F9, हातानं टाकले असतील तर बसा मोजत, आम्ही बसलो.

आजोबांचा हातमागाजवळचा फोटो गेला कंपनीच्या ओळखीत, सहाव्या भागात, पावपान. अण्णा आजही ती पीडीएफ कुणाला दाखवायला उघडली की समरी सोडून थेट तिथंच जातात.