हत्यारांच्या पिशवीतली चिठ्ठी

आमचं लग्न 2021 मधलं, पण आम्ही दोघांनी मिळून पहिलं घर मांडलं ते 2025 च्या जूनमध्ये. मधली चार वर्षं मी चिपळूण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते आणि ते कराडला पतसंस्थेत, दोन सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत. महिन्यातून दोनदा, शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी एसटीनं कुंभार्ली घाट चढायची, कोयनानगर, पाटण करत कराडला उतरायची आणि तिथून आम्ही दोघं खटाव तालुक्यातल्या सासरी जायचो. रविवारी दुपारी पुन्हा मागे. सासरचं घर मोठं आणि मायेचं आहे, पण तिथं आम्ही पाहुण्यासारखे यायचो आणि पाहुण्यासारखेच निघायचो. आंतरजिल्हा बदलीत माझी बदली सातारा जिल्ह्यात झाली, तेव्हा मलकापूरला आगाशिवनगरात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. सामान हलवायचं ठरलं रविवारी.

त्या दिवशी त्यांना काहीतरी सांगायचं होतं. काय, ते माझं मलाच नीट उमगत नव्हतं. उंबऱ्यावर उखाणा घ्यायचा होताच, सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. तोही मी नवा जुळवला: ‘घाट चढून आले, कोयनेचं पाणी ओलांडलं, अमुकरावांच्या सोबतीनं पहिलं घर मांडलं.’ (अमुकरावांच्या जागी नाव.) पण उखाणा सगळ्यांसाठी असतो. बायका हसतात, नाव आलं की सगळे ‘अगं बाई’ करतात, आणि तो ऐकताना नवरा मान खाली घालून उभा असतो. मला जे सांगायचं होतं ते एकट्या त्यांच्यासाठी होतं. व्हॉट्सॲपवर पाठवण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी त्यांचा फोन टेम्पोवाला, घरमालक आणि गॅसवाला यांच्याच ताब्यात असणार होता. मग कागदावरच लिहायचं ठरवलं.

पहिला मसुदा मी चिपळूणच्या खोलीवर, सामान बांधता बांधता लिहिला. ‘आपल्या नव्या घरात सुख, शांती आणि समृद्धी नांदो. आपलं प्रेम असंच वाढत राहो.’ असल्या सात-आठ ओळी. लिहून झाल्यावर बरं वाटलं, सकाळी वाचल्यावर वाटेना. मी सहावी-सातवीला पत्रलेखन शिकवते. ‘मी इकडे खुशाल आहे, तूही खुशाल असशील’ हे वाक्य दर वर्षी निम्म्या वहीत येतं, आणि मी मुलांना एकच कसोटी सांगते: पत्रावरचं नाव खोडून शेजारच्या मुलाचं नाव घाला, पत्र तसंच चाललं तर ते अजून लिहून झालेलं नाही. माझं पत्र शेजारच्या बाईंच्या नवऱ्याला जसंच्या तसं चाललं असतं.

वाट सापडली ती भाडेकरारात. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार नोंदवताना त्याच्या शेवटी घरातल्या वस्तूंची यादी होती: पंखे 3, ट्यूबलाईट 4, गीझर 1, स्वयंपाकघरातला ओटा ग्रॅनाइटचा, बाथरूमचा नळ 1 दुरुस्तीयोग्य. घरमालकांनी ती मोठ्यानं वाचली आणि ‘दुरुस्तीयोग्य’ला ह्यांनी खाली पेन्सिलनं बारीक रेघ मारली. ती रेघ बघताना मला कळलं की माझ्या पत्रात एकही वस्तू नाही. चार वर्षांत ह्या माणसानं माझ्यासाठी काय काय केलं, ते मला तारीख-वारासकट आठवतं. मग मी ‘प्रेम’ हा शब्द लिहून मोकळी का होत होते?

दुसऱ्या खेपेला मी आधी नुसतं आठवून टिपून काढलं. कराड स्टँडवर रविवारी ते गाडीच्या कुठल्या बाजूला उभे राहायचे. पावसाळ्यात दोन छत्र्या का आणायचे. असे सतरा-अठरा प्रसंग झाले. सगळे घातले असते तर चिठ्ठीचा निबंध झाला असता. सामान हलवण्याच्या दिवशी वाचणाऱ्याकडे दोन मिनिटं असतात, हात धुळीनं भरलेले असतात, कुणीतरी ‘कपाट कुठं ठेवायचं’ म्हणून हाक मारत असतं. म्हणून कागदाची एकच बाजू, असं ठरवून टाकलं आणि तीनच गोष्टी ठेवल्या. एक त्यांनी केलेली, एक ह्या घरातली, आणि एक मला हवी असलेली. तिसरी लिहायला सगळ्यात जड गेली.

दोन परिच्छेद मी काढून टाकले, ते इथं सांगते, कारण चिठ्ठी त्यांच्यामुळेच बिघडली असती. एकात दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या भांडणाबद्दल ‘तेव्हा मी चुकले’ असं होतं. माफी खरी होती, पण ती वाचताना त्यांना ते भांडण पुन्हा उभं करावं लागलं असतं, आणि तेही नव्या घराच्या पहिल्या दिवशी. ते मी नंतर, समोर बसून बोलले. दुसऱ्यात ‘आता आपण कधीच भांडणार नाही’ असं वचन होतं. ते पाळता येणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. त्याच्या जागी भांडण झाल्यावर काय करायचं ते लिहिलं.

मग अडलं ते मायन्याला. आजीच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं होती, त्यात आजोबा तिला ‘सौ. … हिस अनेक उत्तम आशीर्वाद’ असं लिहायचे. नवरा बायकोला आशीर्वाद देतो, हे तेव्हा कुणाला वावगं वाटत नसे. मला ‘तीर्थरूप’ लिहायचं नव्हतं आणि ‘प्रिय’ लिहिलं की पुढे फळ्यावरचं पत्र सुरू होतं. त्याहून मोठा प्रश्न ‘तुम्ही’ की ‘तू’ हा. सासरी चार माणसांत मी ‘अहो’ म्हणते. रात्री फोनवर मात्र ‘तू’ असतं, पहिल्या वर्षापासून. पहिल्या मसुद्यात मी नकळत ‘तुम्ही’ लिहिलं होतं, आणि मला वाटतं तो कोरडा होण्याचं अर्धं कारण तेच. ‘तुम्ही’त लिहिताना सासूबाई खोलीत असल्यासारखं मी लिहीत होते. ‘तू’ केल्याबरोबर वाक्यं आखूड झाली आणि बोलल्यासारखी झाली. मायना काढूनच टाकला.

शेवटी राहिलेली चिठ्ठी ही:

‘रविवारी कराड स्टँडवर तू ड्रायव्हरच्या बाजूला उभा राहायचास, कारण मी त्या बाजूच्या खिडकीत बसायचे. गाडी मागे घेऊन वळली की मी पलीकडे जायची, आणि तू धावत पलीकडे यायचास. चार वर्षांत एकदाही चुकला नाहीस. मी कधी म्हटलं नाही, पण घाट लागेपर्यंत मी तेच आठवत बसायचे.

आता ह्या घराला पूर्वेला एक खिडकी आहे, ओट्याच्या वर. मी सकाळी तिथं उभी असेन. तू बाहेरच्या खोलीत असशील. इतकं जवळ असण्याची मला सवय नाही. पहिले काही दिवस मी विनाकारण येऊन बघून जाईन, हसू नकोस.

एक मागते. भांडण झालं तर जेवण टाळायचं नाही, आणि बाहेर जाऊन बसायचं नाही. गप्प बसायचं असलं तरी ह्या दोन खोल्यांतच बस. फोन ठेवून दिल्यावर तुझा चेहरा कसा असतो हे मला चार वर्षं कळलं नाही, आता कळू दे.

बाथरूमचा नळ तू दुरुस्त करशील हे मला माहीत आहे. वॉशर आणून ठेवला आहे, पिशवीच्या तळाला.’

आता ती ठेवायची कुठं? आधी साखरेच्या डब्यात ठेवणार होते, कारण नव्या घरात पहिल्यांदा चहाच होतो. बरं झालं नाही ठेवली. त्या दिवशी चहा मोठ्या जाऊबाईंनी केला आणि तो डबा तिघींच्या हातून फिरला. उशीखाली ठेवावी तर गाद्या टेम्पोत सगळ्यात वर, ताडपत्रीखाली, आणि त्या दिवशी पाऊस होता. दोन गाद्यांची कडा भिजलीच. त्यांच्या पाकिटात ठेवावी तर टेम्पोवाल्याला पैसे देताना चार जणांसमोर निघाली असती. एकच जागा अशी होती जिला घरात दुसरं कुणी हात लावत नाही: पाना-पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर असलेली त्यांची खाकी पिशवी. दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी करून, वॉशरसकट, मी ती तळाला सरकवली.

दिवस तसाच गेला जसा जातो. उंबऱ्यावर माप ओलांडलं, उखाणा झाला, सासूबाईंनी नव्या शेगडीवर दूध ठेवलं आणि ते पूर्वेकडे उतू गेलं म्हणून खूष झाल्या. कपाट दारातून जाईना, म्हणून त्याची दारं काढावी लागली. तेव्हा पिशवी उघडली गेली आणि माझ्या पोटात गोळा आला. पण स्क्रू-ड्रायव्हर वरच होता. सहाच्या सुमाराला सगळे परत निघाले. सासूबाईंनी जाताना माझ्या हातात मिठाची पिशवी दिली आणि म्हणाल्या, ‘आता तुम्ही दोघं.’

रात्री साडेनऊला ते नळाकडे वळले. मी ओट्याजवळ भांडी लावत होते, मुद्दाम पाठ करून. पिशवीत हात घातल्याचा आवाज आला, मग प्लास्टिकचा, मग काहीच नाही. बराच वेळ. मी तीच वाटी पुसत राहिले. त्यांनी बाथरूममध्येच ट्यूबलाईटखाली उभं राहून वाचली असावी, कारण ते परत आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि बाथरूममध्ये पंखा नाही.

ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, त्याच खिडकीपाशी. म्हणाले, ‘मला वाटायचं तू झोपायचीस. गाडी सुटली की लगेच.’

मी म्हटलं, ‘डोळे मिटायचे. झोपायची नाही.’

मग त्यांनी नळ दुरुस्त केला. वॉशर अर्ध्या इंची आणायला हवा होता तो मी बरोबर आणला होता, याचं त्यांना फार कौतुक वाटलं, ते दोनदा म्हणाले. चिठ्ठी आता भाडेकराराच्या फाइलमध्ये आहे, वस्तूंच्या यादीच्या मागे. यादीतल्या ‘दुरुस्तीयोग्य’ शब्दापुढे त्यांनी पेन्सिलनं बरोबरची खूण केली आहे.