साठ मेलचं थ्रेड आणि सरांचा मोबाईल

"ताई, एवढं साठ-साठ मेलचं थ्रेड तुम्ही सरांना दहा ओळींत कसं काय लिहून देता? आम्ही लिहिलं की सर म्हणतात, मग मी करू काय?"

आमच्याकडे दर सहा महिन्यांनी नवीन पोरं येतात आणि दर सहा महिन्यांनी मला हे कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मटेरियल बघते, बारा वर्षं झाली. उगाच टिप्स देत बसत नाही, एक मंगळवार सांगते.

कोरियाहून आमचे रबरी डस्ट बूट येतात, आतून पोकळ, हाताला एकदम हलके. त्यांचा कंटेनर बुसानहून निघाला आणि पोर्ट क्लांगला जहाज बदलताना मागे राहिला, पुढच्या जहाजावर गेला. शुक्रवारी पहिली मेल आली. मंगळवारी सकाळी थ्रेड ६१ मेलवर होतं, चौदा माणसं सीसीत, आणि सर कस्टमरकडे मीटिंगला. सकाळी साडेदहाला सरांचा फोन, "मला काहीतरी आज ठरवायचंय म्हणतायत सगळे, काय ठरवायचंय ते कळेना, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बघीन." बस, एवढंच.

आता पोरं काय करतात, तर पहिल्या मेलपासून शेवटपर्यंत वाचतात आणि त्याच क्रमाने लिहितात, अमुक म्हणाले, मग तमुक म्हणाले. ती गोष्ट झाली. सरांना गोष्ट नकोय.

मी पण वाचते सगळं, शॉर्टकट नाही त्याला. पण आधी वहीवर एकच ओळ लिहिते, आज नक्की कशावर हो-नाही हवंय. आणि ते सब्जेक्ट लाइनमध्ये जवळजवळ कधीच नसतं. इथे सब्जेक्ट होता शिपमेंट डिले, जहाज कुठाय हा शुक्रवारचा प्रश्न, त्याचं उत्तर शनिवारीच मिळालेलं. मंगळवारचा प्रश्न होता, सप्लायरकडे पुढच्या महिन्याचा लॉट तयार आहे तो विमानाने मागवायचा का. हा प्रश्न ३८व्या मेलमध्ये जन्माला आला होता, तोही तिसऱ्या पॅराग्राफमध्ये.

मग माणसागणिक एक ओळ. प्रत्येकाचं शेवटचं म्हणणं काय तेवढंच, पहिलं नाही, कारण प्रॉडक्शनवाले शनिवारी "चालवून घेऊ" म्हणाले होते आणि सोमवारी "लाइन बंद पडेल" म्हणत होते. शनिवारचं वाक्य समरीत गेलं असतं तर मीच खोटी पडले असते. आणि सारखं एकाच मेलवर सगळे रिप्लाय करतात असंही नाही, कोणीतरी जुन्या मेलवर रिप्लाय मारतो की फांदी फुटते, रिप्लायमध्ये अटॅचमेंट गळते, कोणी "खाली लाल अक्षरात उत्तरं दिलीत" म्हणतो ती लाल अक्षरं मोबाईलवर काळी दिसतात. म्हणून हे काम मी कॉम्प्युटरवरच करते.

त्या दिवशी तीन आकडे महत्त्वाचे होते आणि तिन्ही थ्रेडमध्ये चुकीचे, म्हणजे खोटे नव्हते पण जसेच्या तसे उचलले तर चुकीचे.

पहिला स्टॉकचा. स्टोअरची मेल होती, सहा दिवसांचा स्टॉक आहे. सगळे तोच आकडा पुढे फिरवत होते. पण ती मेल शुक्रवारी सकाळची! तेव्हा ५४०० नग होते, रोज दोन शिफ्टमध्ये ९०० लागतात, शुक्रवार शनिवार सोमवार लाइन चालली म्हणजे २७०० गेले. स्टोअरला फोन केला, रॅकवर मोजायला लावले, २७०० च आले. म्हणजे सहा नाही तीन दिवस, गुरुवार संध्याकाळपर्यंत. आकड्याला तारीख असते हो, दुधाच्या पिशवीसारखी.

दुसरा विमान भाड्याचा, आणि यावरून तर महाभारत चालू होतं. आमच्या लॉजिस्टिक्सने लिहिलं १ लाख ६२ हजार, फॉरवर्डरने कोटेशन पाठवलं २ लाख ८८ हजार. पुढच्या नऊ मेल फक्त "रेट का वाढवला" यावर. कोणी वाढवला नव्हता. रेट दोघांचाही किलोला ३०० च, सगळे चार्जेस धरून. सहा पॅलेटचं खरं वजन ५४० किलो, लॉजिस्टिक्सने ते धरलेलं. पण विमानात हलका आणि फुगीर माल जागा अडवतो म्हणून वजन आकारमानावरून पण काढतात, लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं, आणि दोन्हींत जे जास्त त्यावर भाडं. आमचा पॅलेट १२० बाय ८० बाय १००, म्हणजे ९ लाख ६० हजार भागिले ६०००, १६० किलो. सहाचे ९६०. गुणिले ३००, झाले २ लाख ८८ हजार. दोन आकडे वेगळे दिसले की "काहींच्या मते इतके, काहींच्या मते तितके" असं लिहू नका प्लीज, सर काय मतदान घेणारेत का? फरक कुठून आला ते शोधा, बहुतेक वेळा जीएसटी धरून आणि न धरून, किंवा असं वजनाचं काहीतरी निघतं.

तिसरा आकडा वेळेचा. आमच्या परचेसच्या मेलमध्ये "आज संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं" असं होतं. मी खाली जाऊन सप्लायरची मूळ मेल काढली, त्यांनी लिहिलेलं आज सहा वाजता. त्यांचे सहा! कोरिया आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे आपले अडीच. सर दीडला मोबाईल बघणार, म्हणजे हातात तासभर. हे लक्षात आलं तेव्हा पोटात गोळाच आला, कारण तोपर्यंत सगळे निवांत होते.

आणि एक सापडलं जे आकडा नव्हतं, प्रश्न होता. ४४व्या मेलमध्ये प्लॅनिंगच्या एका मुलाने एका ओळीत विचारलेलं, सहाच्या सहा पॅलेट लागतात का? त्याला कोणी उत्तरच दिलं नव्हतं, कारण लगेच पुढची मेल भाड्यावरून भांडणाची. मी नेहमी असे उत्तर न मिळालेले प्रश्न शोधते, थ्रेडमधला सगळ्यात कामाचा माणूस बऱ्याचदा तोच असतो. हिशोब केला, विमानाचा माल शुक्रवारी रात्री प्लांटला येणार, जहाजाचा पुढच्या शनिवारी. मधले कामाचे दिवस सहा, ५४०० नग. एका पॅलेटमध्ये २०००, म्हणजे तीन पॅलेटमध्ये भागतं.

लिहायचं कसं ते मी बाबांकडून शिकले खरं तर. बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क होते, फायलीवर टिप्पणी लिहायचे. बाबा म्हणायचे, साहेबाला मागचा पत्रव्यवहार उलटायला लागला तर टिप्पणी फसली, पण उलटायचा झालाच तर पान नंबर समासात हवा. आणि शेवटी "मान्य असल्यास आदेशार्थ सादर", म्हणजे साहेबांनी फक्त सही करायची. मी फक्त ते शेवटचं वर आणते, कारण मोबाईलवर वरचंच वाचलं जातं. आम्ही इंग्रजीत लिहितो, पण मराठीत ते असं होतं:

"सर, १:४५ पर्यंत हो/नाही हवंय. सप्लायरची मुदत आपल्या २:३० ला संपते (सहाला नाही, ते कोरियाचे सहा).

प्रश्न: डस्ट बूट विमानाने मागवायचे का, किती?

स्टॉक आज मोजला, २७००, गुरुवार संध्याकाळपर्यंत.

१) नाही मागवले: गुरुवारनंतर लाइन बंद, जहाजाचा माल पुढच्या शनिवारी.
२) ६ पॅलेट: २.८८ लाख. (१.६२ चा आकडा सोडून द्या, तो खऱ्या वजनावर होता.)
३) ३ पॅलेट: १.४४ लाख. शनिवार ते शनिवार भागतं. शिल्लक ६०० नग, म्हणजे एक दिवस पण नाही.

दोन्हींत शुक्रवार जातोच, नाहीतर गुरुवार-शुक्रवार एकेक शिफ्ट. प्रॉडक्शन ६ म्हणतंय, फायनान्स विमानालाच नको म्हणतंय. माझं मत ३.

माहीत नाही: जहाजाची तारीख पक्की आहे का. एकदा बदललीय.

खर्च कोणाच्या नावावर, हे आज नाही ठरवलं तरी चालेल. मेल ३८ आणि ४४ सोबत जोडल्यात."

खर्चाची ती ओळ बघा. ६१ पैकी वीसेक मेल तरी चूक कोणाची आणि पैसे कोण देणार यावर होत्या, लोकांनी जीव ओतून लिहिलेल्या. त्यांना एक ओळ. काही जणांना राग येतो, मला फोन येतात की माझा मुद्दा घेतला नाहीस. घेतला ना, नंतरसाठी ठेवला.

आणि "माझं मत" वेगळं काढून लिहायचं, आकड्यात मिसळायचं नाही. फायनान्सचा विरोध मला पटत नव्हता तरी लिहिला, नाहीतर सर हो म्हणतात आणि दुपारी फायनान्सचा फोन त्यांना जातो, मग पुढच्या वेळेपासून सर माझी समरी वाचून परत थ्रेड पण उघडणार. मग माझा उपयोग काय.

हे सगळं करायला पावणेतीन तास लागले, लिहायला त्यातली वीसच मिनिटं. पोरांना वाटतं दहा ओळी म्हणजे दहा मिनिटं.

१:३८ ला सरांचा रिप्लाय आला. "४ मागवा. एकेक शिफ्ट ठीक." मी चार लिहिलेच नव्हते! त्यांनी ती ६०० नगांची ओळ आणि "एकदा बदललीय" ही ओळ एकत्र वाचली आणि स्वतःच एक पॅलेट वाढवला, १ लाख ९२ हजार. मला जरा लागलं, मग वाटलं, ओळी होत्या म्हणून तर वाढवता आला.

लगेच सप्लायरला मेल टाकली. २:११ ला उत्तर आलं, नोटेड विथ थँक्स. आता नोटेड म्हणजे वाचलं, बुक केलं असं नाही, हे मी एकदा फार महागात शिकलेय. म्हणून फोन उचलला आणि विमानाच्या बुकिंगचा नंबर लिहून घेईपर्यंत ठेवला नाही. २:२६ झाले होते. डबा साडेतीनला खाल्ला, भेंडी पार गार झालेली.